दर महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ब्लॉगचं कॅलेंडर कोलमडतं? या क्रमानं तपासा

हा बिघाड मी आधी माझ्या स्वतःच्या गच्चीवरच्या बागेच्या ब्लॉगवर चार वर्षं काढला. नंतर एकेक करत ओळखीतल्या सहा-सात जणांच्या वह्या आणि शीट माझ्याकडे आल्या. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे दुसऱ्याच्या वहीतली चूक शोधायची सवय आहेच. प्रत्येकाचा विषय वेगळा असतो, पण कॅलेंडर मोडतं ते बहुतेक त्याच चार-पाच जागी. एकट्यानं ब्लॉग चालवणाऱ्या, नोकरी-घर सांभाळून रात्री नाहीतर रविवारी लिहिणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे. ज्यांच्याकडे लिहायला दोन माणसं आणि फोटोला तिसरं आहे, त्यांचे बिघाड वेगळे असतात.

लक्षणं

महिन्याच्या 1 तारखेला कॅलेंडर रंगीत चौकटींनी भरलेलं असतं. पहिली पोस्ट वेळेवर जाते, दुसरी एक दिवस उशिरा. 15 तारखेच्या आसपास एक चौकट पुढे ढकलली जाते, मग तिच्यामागची, आणि 20 नंतर शीट उघडणंच बंद होतं. ड्राफ्टमध्ये अर्धवट पोस्ट साठत जातात; माझ्याकडे एका वेळी अकरा होत्या. सणाची पोस्ट सण झाल्यावर येते. आणि सगळ्यात खात्रीचं लक्षण म्हणजे महिनाअखेरीला नवं कॅलेंडर नव्या ॲपमध्ये बनवलं जातं, कारण दोष जुन्या ॲपचा होता असं वाटतं. ॲपचा दोष असलेलं एकही कॅलेंडर माझ्या हाती आलेलं नाही. वही, गुगल शीट, भिंतीवरचं कालनिर्णय, जे असेल ते चालतं.

पुढच्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. पहिल्या दोन फुकट आणि अर्ध्या तासाच्या. क्रम सोडून शेवटाकडे उडी मारू नका; निम्म्या कॅलेंडरांचा बिघाड तिसऱ्या तपासणीच्या पुढे जातच नाही.

1. पोस्ट तयार होती, पण दिसलीच नाही?

आधी हे बघून घ्या, कारण दोन मिनिटांचं काम आहे आणि यात तुमची काहीच चूक नसते. वर्डप्रेसवर सकाळी 7 ची वेळ लावलेली पोस्ट दुपारी 12:30 ला उगवत असेल, तर साइटचं घड्याळ भारतीय वेळेवर नाही. `Settings → General → Timezone` मध्ये `UTC+0` दिसेल. तिथे `Kolkata` निवडा. साडेपाच तासांचा फरक तिथेच मिटतो.

पोस्टच्या यादीत `Missed schedule` असं लाल अक्षरात येत असेल, तर गोष्ट जरा वेगळी. वर्डप्रेस ठरलेल्या वेळेची कामं स्वतःहून घड्याळ बघून करत नाही. साइटवर कुणी आलं की त्या निमित्तानं ती कामं तपासतं. रात्रभर कुणी फिरकलंच नाही तर पहाटेची पोस्ट तशीच पडून राहते. छोट्या ब्लॉगवर हे सर्रास होतं. साधा उपाय म्हणजे लोक खरंच येतात ती वेळ लावायची, पहाटे 5 ची हौस सोडायची, आणि दहा मिनिटांनी स्वतःच एकदा साइट उघडायची. पक्का उपाय सर्व्हरवर करावा लागतो, त्याबद्दल शेवटी.

2. मागच्या महिन्याचं कॅलेंडर पुसू नका, मोजा

नवं कॅलेंडर आखण्याआधी जुनं समोर घ्या. किती पोस्ट ठरवल्या आणि किती गेल्या, एवढंच नाही. न गेलेल्या पोस्ट कुठे अडकल्या ते प्रत्येकीसमोर एका शब्दात लिहा. सुरूच झाली नाही, माहिती अपुरी, लिहून झाली पण फोटो नाहीत, सगळं आहे पण वाचून पाहिली नाही, असं.

यातून बिघाडाची जागा कळते. पहिल्या पंधरवड्यात सगळं गेलं आणि दुसऱ्यात काहीच नाही, तर भार जास्त आहे. पुढची तपासणी नीट करा. पोस्ट महिनाभर विखरून अडकल्या असतील आणि बहुतेक ठिकाणी ‘फोटो’ लिहिलेलं असेल, तर वेळ पुरेसा आहे पण चुकीच्या दिवशी लावलेला आहे. बहुतेकींसमोर ‘सुरूच नाही’ असेल, तर चौकटीत लिहिलेला मजकूरच कच्चा आहे. तीन वेगळे आजार, औषधंही तीन. सगळ्यांवर ‘आता शिस्त पाळायची’ हे एकच औषध दिलं की पुढच्या महिन्यात पुन्हा 20 तारीख येते.

इथून पुढे एक खरी वही सोबत घेते. माझी एक मैत्रीण बँकेत आहे, मनीषनगरला राहते, नागपूरचं खाणं आणि सण यावर लिहिते. ऑगस्ट 2025 संपल्यावर तिनं फोन केला. “ताई, काय सांगू, मी तं रोज रात्री बसून रायली, तरी आठातल्या तीनच झाल्या.” तिच्या शीटमधल्या आठ चौकटी अशा होत्या: श्रावण, नारळी भात, पाऊस आणि भजी, सावजी, पोळा, मारबत, गणपती, महालक्ष्म्या. त्यातल्या गेल्या श्रावण, नारळी भात आणि मारबत. मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी पुतळ्यांची मिरवणूक. ती 23 ऑगस्टला निघाली आणि तिची पोस्ट 25 ला आली. तान्ह्या पोळ्याला इतवारीत पिवळी आणि काळी मारबत बघायला कुठे उभं राहावं, मुलांना कुठून न्यावं, असं सगळं त्यात सांगितलं होतं. दोन दिवसांनी.

3. तुमच्याकडे खरंच किती तास आहेत?

सगळ्यात जास्त कॅलेंडरं इथे मोडतात, म्हणून इथे थांबते.

ज्याला विचारावं तो आठवड्याचे तास फुगवून सांगतो. मुद्दाम नाही, आपण इच्छेचे तास मोजतो. मैत्रीण म्हणाली, “आठवड्याला दहा तर होतच असतील.” मी तिला एक आठवडा फक्त बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहायला सांगितली, लिखाणात काही बदल न करता. निघाले साडेचार तास. आठवड्यातल्या तीन रात्री प्रत्येकी 40 मिनिटं, आणि रविवारी सकाळी सासूबाई देवळात आणि मुलं क्लासला असताना अडीच तास. बाकीच्या रात्री ती बसत होती हे खरं, पण लॅपटॉप समोर ठेवून दुसऱ्या दिवशीच्या डब्याचा विचार करत होती. ते तास धरायचे नाहीत.

मग एका पोस्टला किती वेळ लागतो ते मोजलं. अंदाज नको, एक पोस्ट घड्याळ लावून करा. तिची पोस्ट अशी निघाली: आराखड्याला 40 मिनिटं, माहिती जमवायला आणि पडताळायला 1 तास 20 मिनिटं, लिहायला 2 तास 20 मिनिटं, फोटो निवडून नीट करायला 1 तास 10 मिनिटं, वाचून दुरुस्त करायला 40 आणि साइटवर चढवायला 30 मिनिटं. बेरीज 6 तास 40 मिनिटं. लिहिण्याला एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडंच जास्त लागतं, हे बघून ती गप्प बसली. कॅलेंडर आखताना तिच्या डोक्यात फक्त लिहिणंच होतं.

आता सरळ गणित. आठवड्याला साडेचार म्हणजे चार आठवड्यांचे 18 तास. त्यातला पाचवा हिस्सा बाजूला ठेवा, कारण पाहुणे येतात, ताप येतो, बँकेत महिनाअखेर असते. उरले साधारण 14 तास 20 मिनिटं. दोन मोठ्या पोस्टला 13 तास 20 मिनिटं लागतात. शिल्लक राहतो एक तास, ज्यात एक जुनी पोस्ट झाडून-पुसून नव्यानं देता येते. म्हणजे तिची महिन्याची खरी क्षमता दोन मोठ्या आणि एक छोटी एवढीच. तिनं ठरवल्या होत्या आठ मोठ्या, म्हणजे 53 तासांवर काम. 18 तासांत ते बसणार नव्हतं, मग वही कितीही सुंदर असो.

तीनच पोस्ट म्हटल्यावर चेहरा उतरतो. तिचाही उतरला. पण ऑगस्टमध्ये तिच्या गेलेल्या पोस्ट किती? तीनच. फरक एवढाच की त्या कुठल्या तीन आणि कधी, हे तिनं ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप ठरलं. वर्षातून एकदाच शोधली जाणारी मारबत उशिरा गेली, आणि महिनाभर कधीही चाललं असतं असं श्रावणाचं प्रास्ताविक आधी गेलं.

पाचवा हिस्सा राखीव ठेवण्यावरून लोक माझ्याशी वाद घालतात. तो वाया जातो असं वाटतं. माझ्या चार वर्षांत तो पूर्ण शिल्लक राहिला असे महिने एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मे महिन्यात तर मी चौथा हिस्सा ठेवते. पारा 45 च्या आसपास असताना दुपारी वरच्या खोलीत कूलरच्या घरघरीत मला दोन ओळी सुचत नाहीत, आणि ते मी आता मान्य केलंय.

4. चौकटीत विषय लिहिलाय की काम?

तास बसले तरी पोस्ट सुरूच होत नसतील, तर चौकट वाचा. ‘सावजी’. हा विषय झाला, पोस्ट नव्हे. रात्री साडेनऊला भांडी आवरून बसलेल्या बाईला ‘सावजी’ एवढंच दिसलं, तर 40 मिनिटं विषय अरुंद करण्यात जातात आणि मग झोप येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

चौकटीत तीन गोष्टी हव्यात. वाचकाचा प्रश्न वाटेल असं कामचलाऊ शीर्षक, पोस्ट कुणासाठी, आणि पुढचं एकच पाऊल, तेही क्रियापदासकट. ‘सावजी’च्या जागी: ‘घरी सावजी रस्सा करताना मसाला काळा का पडत नाही, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी, पुढचं काम: काकूंना फोन करून खोबरं आणि तीळ भाजायचा क्रम विचारणे.’ हे वाचून दमलेला माणूसही फोन उचलू शकतो.

माझी परीक्षा सोपी आहे. चौकट बघून पहिलं काम दोन मिनिटांत सुरू करता आलं नाही, तर ती चौकट कच्ची. ती तारखेवर ठेवायचीच नाही, वहीच्या मागच्या पानावर ‘कच्चे विषय’ म्हणून हलवायची. मैत्रिणीच्या आठ चौकटींपैकी पाच मागच्या पानावर गेल्या. ‘पाऊस आणि भजी’ तर अजून तिथेच आहे आणि माझ्या मते तिथेच राहावी.

5. कॅलेंडरमध्ये एकच तारीख आहे का?

बहुतेक शीटमध्ये पोस्टसमोर एकच तारीख असते, प्रकाशनाची. सणांच्या बाबतीत तर तीही चुकीची: सण ज्या दिवशी, पोस्ट त्याच दिवशी. वाचकाला मारबतीची माहिती मारबतीच्या आधी हवी असते. पुरणपोळीचं प्रमाण वाण्याकडे डाळ आणायला जाण्याआधी हवं असतं. म्हणून तीन तारखा लिहा: सणाची किंवा गरजेची, प्रकाशनाची, आणि काम सुरू करायची. प्रकाशन सणाच्या किमान आठवडाभर आधी, आणि सुरुवात त्याच्याही सुमारे अडीच आठवडे आधी. 6 तास 40 मिनिटांचं काम आठवड्याला साडेचार तास मिळणाऱ्या माणसाचं दीड आठवडा तर सरळच खातं, वर मधे दुसरी पोस्ट घुसतेच. शीट वापरत असाल आणि प्रकाशनाची तारीख `B2` मध्ये असेल, तर सुरुवातीच्या रकान्यात एवढंच टाका:

```
=B2-18
```

कॅलेंडर रोज सुरुवातीच्या तारखेनं लावून बघा, प्रकाशनाच्या नाही. आज काय करायचं हे तीच तारीख सांगते.

दुसरी गोम फोटोंची. मारबतीची पोस्ट 16 ला द्यायची तर 23 च्या मिरवणुकीचे फोटो कुठून येणार? मैत्रीण याचसाठी थांबली होती. उत्तर असं की पोस्टमध्ये मागच्या वर्षीचे फोटो जातात, आणि यंदा काढलेले पुढच्या वर्षासाठी नीट नाव देऊन ठेवले जातात. सणांवर लिहिणाऱ्याचं फोटोचं वर्ष नेहमी एक पाऊल मागे चालतं. पहिल्या वर्षी फोटो नसतील तर ओळखीच्याकडून परवानगी घेऊन मागा, किंवा दोनच फोटोंवर भागवा.

तिसरी चूक वर्षाअखेरीला दिसते, मागच्या वर्षीचं कॅलेंडर तसंच उतरवून घेण्याची. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला येते आणि पोळा-मारबतही तिच्यासोबत पुढे सरकतात. दिवाळीचं लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरवरून 8 नोव्हेंबरवर जातं. जुनी शीट जशीच्या तशी वापरली तर तुम्ही अडीच आठवडे आधी दमून बसाल आणि ऐन वेळी हातात काही नसेल. म्हणून सणाच्या चौकटी पंचांग समोर ठेवून भरा. उलट काही तारखा हलत नाहीत: ताडोबाचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो, त्यामुळे सफारीवर लिहिणाऱ्यानं ती पोस्ट सप्टेंबरच्या मध्यावरच ठेवावी. दोन्ही प्रकार वेगळ्या रंगात लिहिले की उतरवताना घोळ होत नाही.

6. काम योग्य वेळेच्या खणात आहे का?

तास पुरेसे, चौकटी पक्क्या, तारखा तीन, तरी अडतंय? मग वेळेचा प्रकार बघा. रात्रीची 40 मिनिटं आणि रविवार सकाळची 150 मिनिटं हा एकच माल नाही. 2 तास 20 मिनिटांचं लिखाण 40-40 च्या तुकड्यांत केलं तर दर वेळी आधीचं वाचून सूर पकडण्यात दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि चार रात्रींचं काम पाच-सहा रात्रींचं होतं. पदार्थाचा फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढला तर रस्सा हिरवट दिसतो. तो दिवसाच, खिडकीजवळच. तेव्हा रात्रीच्या खणात आराखडा, फोनवरून माहिती, दुरुस्ती, चढवणं. रविवारच्या खणात लिखाण आणि फोटो.

मैत्रिणीचा ऑगस्ट आम्ही कागदावर पुन्हा मांडला, 28 जुलै ते 24 ऑगस्ट. दोन मोठ्या पोस्ट: मारबत आणि महालक्ष्म्या. एक छोटी: पोळ्याच्या जुन्या पोस्टची डागडुजी.

पहिल्या आठवड्याच्या तीन रात्री मारबतीचा आराखडा आणि माहिती, आणि 3 ऑगस्टच्या रविवारी एका बैठकीत लिखाण. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री मारबतीची दुरुस्ती आणि उरलेल्या दोन रात्री महालक्ष्म्यांचा आराखडा आणि माहिती सुरू. 10 तारखेच्या रविवारी मारबतीचे जुने फोटो 70 मिनिटं आणि पोळ्याची डागडुजी तासभर. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मारबत चढवायची, 16 ला ती जाते. दुसऱ्या रात्री महालक्ष्म्यांची राहिलेली माहिती. तिसरी रात्र मोकळी. 17 च्या रविवारी महालक्ष्म्यांचं लिखाण. चौथ्या आठवड्यात 22 ला पोळा आणि 23 ला मारबत, म्हणून एका रात्री फक्त दुरुस्ती आणि दोन रात्री मुद्दाम रिकाम्या. 24 च्या रविवारी घरातले मुखवटे आणि भांडी दिवसाच्या उजेडात मांडून फोटो, लगेच चढवणं, आणि पोस्ट त्याच दिवशी. महालक्ष्म्या 31 ला येणार होत्या. आंबिलीचं पीठ आधी भिजवायचं असतं हे वाचकाला वेळेत कळलं असतं.

बेरीज केली तर काम 14 तास 20 मिनिटांचं, आणि 3 तास 40 मिनिटं शिल्लक. यात एक गोष्ट नीट बघा. महालक्ष्म्यांचं काम मारबत संपण्याआधी सुरू झालंय. एक पोस्ट पूर्ण केल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही हा नियम ऐकायला शहाणा वाटतो, पण तो पाळला तर मारबतीचे फोटो रविवारची वाट बघत असताना मधल्या रात्री फुकट जातात. एका वेळी दोन पोस्ट चालू ठेवा, तीन नको. तिसरी सुरू झाली की पुन्हा अकरा ड्राफ्टांकडे वाटचाल.

सप्टेंबरपासून ती याच पद्धतीनं करते आहे. पहिल्या महिन्यात दोनच गेल्या, छोटी राहिली. पण राहिली हे तिला 14 तारखेला कळलं, 30 ला नाही.

7. राखीव पोस्ट आहे का?

दिवस-सणाशी संबंध नसलेली, पूर्ण तयार, फक्त बटण दाबायची एक पोस्ट ठेवा. आजारपणात ती जाते. ती वापरली की पुढच्या महिन्याचं पहिलं काम म्हणजे नवी राखीव पोस्ट, मोठ्या दोनपैकी एक कमी करून. हे लोक विसरतात आणि दुसऱ्या तापाला उघडे पडतात. राखीव पोस्ट एकच असावी. तीन-चार साठवल्या की त्या शिळ्या होतात. दर बदलतात, दुकान हलतं.

8. शेवटची आणि अवघड: हा एकच ब्लॉग आहे का?

इथवर सगळं नीट असूनही माहितीवरच दर वेळी ठरलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ जात असेल, तर विषयांचा पसारा तपासा. याला पूर्ण रविवार लागतो. जुन्या सगळ्या पोस्टची यादी करा आणि प्रत्येकीसमोर लिहा की ती लिहिताना माहिती कुठून आणली. एका गृहस्थांच्या यादीत संत्र्याचे बहार, शेअर बाजार, मेट्रोची स्टेशनं आणि मुलांचा अभ्यास असं चारही दिशांना होतं. प्रत्येक पोस्टसाठी त्यांना नवी माणसं गाठावी लागत होती, आदली ओळख पुढच्या पोस्टला कामाला येत नव्हती. संत्र्यांची बाग त्यांच्या सासुरवाडीला काटोलकडे आहे. आंबिया बहाराची तोडणी, मृग बहाराचा ताण, फळगळ, मंडीतली प्रतवारी, सगळं एका फोनवर मिळतं. त्यांनी बाकीचं वर्षभरासाठी बंद केलं, आणि एका पोस्टची माहिती तीन तासांवरून तासाभरावर आली. लिखाण कमी झालं नाही. महिन्याला एकाच्या दोन पोस्ट झाल्या.

विषय सोडणं जड जातं हे मला ठाऊक आहे. माझ्या बागेच्या ब्लॉगवर एकेकाळी पुस्तकांचा कोपरा होता.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

`Missed schedule` वारंवार येत असेल तर सर्व्हरवर खरं क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय, लावावं लागतं आणि `wp-config.php` मध्ये ही ओळ टाकावी लागते:

```
define('DISABLE_WP_CRON', true);
```

सर्व्हरवरचं क्रॉन न लावता नुसती ही ओळ टाकली, तर वेळ लावलेली एकही पोस्ट जाणार नाही. फाइलमध्ये एखादं चिन्ह चुकलं तर पूर्ण साइट पांढरी होते. बॅकअप कसा घ्यायचा आणि परत कसा बसवायचा हे माहीत नसेल, तर हे काम तुमचं नाही. होस्टिंगवाल्यांच्या मदतकक्षाला सांगा किंवा साइट सांभाळणाऱ्या माणसाला पैसे देऊन करून घ्या. जाणत्याला ते फार वेळाचं काम नाही.

पैसे घेऊन लिहायच्या पोस्ट कॅलेंडरात आल्या आणि करारात उशिराचा दंड असेल, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. त्या उत्पन्नाचा हिशेब सीएकडे. कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेल्या रकमांवर विसंबू नका.

मोजणीत दर वेळी दुरुस्ती आणि टंकलेखन हेच सगळ्यात जास्त तास खात असेल, तर स्वतःला घासत बसण्यापेक्षा मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाला महिन्याला दोन पोस्ट द्या. आधी एकच पोस्ट देऊन बघा. तुमची बोली पुसून प्रमाण भाषा करून देणारा असेल तर दुसरा शोधा.

आणि महिन्याला एकच पोस्ट ठरवूनही सलग तीन महिने ती होत नसेल, तर कॅलेंडर दुरुस्त करणं थांबवा. तीन महिन्यांची सुट्टी आहे असं ब्लॉगवर दोन ओळीत लिहा आणि वही मिटा. त्यासोबत झोप उडाली असेल, ज्या कामात आधी रमत होतात त्याचा आता धसका बसत असेल, तर ती तपासणी माझ्या यादीतली नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जा. मनगट किंवा मान दुखते म्हणून लिखाण राहत असेल तरीही तेच. तीन रात्रींचे खण तेवढे दिवस रिकामे राहू द्या.